माझ्या ओळी पांढऱ्या का होत्या

पिरंगुटच्या कारखान्यात मी प्लॅनिंगचं काम बघत होते तेव्हाची गोष्ट. प्रेसवर पत्र्याचे सुटे भाग बनवणारा मध्यम आकाराचा कारखाना. शनिवारी सकाळी मीटिंग असायची आणि कोणाचं कोणतं काम कुठे अडलंय यावर तासभर भांडण व्हायचं. प्रत्येक जण म्हणायचा, मुदत अजून आहे. मला ही वटवट नको होती, म्हणून मी एक्सेलमध्ये एक शीट केली: काम, जबाबदार माणूस, मुदतीची तारीख, पूर्ण झाल्याची तारीख.

मग त्यात रंग घातले. तेव्हाच्या एक्सेलमध्ये कंडिशनल फॉरमॅटिंगचे तीनच नियम लावता यायचे, पण मला तीन पुरेसे होते. पूर्ण झाल्याची तारीख भरली की अख्खी ओळ हिरवी. ती रिकामी असेल आणि मुदत आजच्या आधीची असेल तर लाल. मुदत आजपासून तीन दिवसांच्या आत असेल तर पिवळी. क्रम महत्त्वाचा होता. जो नियम आधी लागू पडेल त्याचाच रंग लागायचा, त्यामुळे लाल पिवळ्याच्या वर ठेवावा लागला, नाहीतर उशीर झालेली कामंही पिवळीच दिसली असती. बाकी ओळी पांढऱ्या. पांढरं म्हणजे अजून वेळ आहे.

शीट सुबक दिसावी म्हणून मी तारखांचे रकाने मध्यभागी आणून ठेवले. हे सांगायचं कारण पुढे येईल.

प्लँट मॅनेजर साहेब खूश झाले. "आता बोलायचं कामच नाही. रंग बोलेल," म्हणाले. दर शनिवारी मी रंगीत प्रिंट काढून बोर्डावर लावायला लागले. प्रेसचे साचे, म्हणजे डाय, जिथे बनतात त्या टूलरूमचे फोरमन त्या बोर्डासमोर चहाचा ग्लास घेऊन उभे राहायचे. कोळवण खोऱ्यातले, घरची भातशेती, कामाला पक्के, तोंडाने फटकळ. त्यांच्या नावापुढे लाल ओळी वाढत चालल्या होत्या. माझ्या नावापुढे एकही नव्हती.

"म्याडम, तुमचं बरं हाय," ते एकदा म्हणाले. "रंगाची पेटी तुमच्या हातात."

"रंग मी लावत नाही, फोरमनसाहेब. तारीख लावते."

"मग माज्या तारखेला जरा समजवा की. डायची ट्रायल झालीया, मापं घ्यायचीत. गेज न्हाई मिळालं अजून. गेजाबिगर रिपोर्टवर सही कुटनं करू?"

मापाचे गेज ठरावीक मुदतीने तपासून आणायला पुण्याला पाठवावे लागत. ते पाठवण्याचं काम माझ्याकडे होतं. मी शीटवर नजर टाकली. गेजची ओळ पांढरी होती. "माझ्याकडे वेळ आहे अजून," मी म्हटलं. "तुम्ही तुमचं बघा." शेजारी दोघे-तिघे हसले. मी कडक बोलते याचा मला तेव्हा अभिमान होता.

त्या महिन्यात नवी प्रेस लाइन सुरू व्हायची होती आणि तिचा चार्ज फोरमनना मिळणार हे सगळे धरून चालले होते. वीस वर्षांत त्यांनी मागितलेली ती पहिली गोष्ट. शनिवारच्या मीटिंगमध्ये साहेबांनी माझी प्रिंट टेबलावर पसरली. "ज्याच्या इतक्या ओळी लाल, त्याच्या हातात नवी लाइन कशी देऊ?" असं म्हणून त्यांनी चार्ज दुसऱ्या, तरुण इंजिनीअरला दिला. फोरमननी प्रिंटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पुढचा मुद्दा वाचायला घेतला.

पुढच्या आठवड्यात ग्राहकाचे लोक पाहणीला येणार होते. त्यांना दाखवायला मी शीट मुदतीप्रमाणे क्रमाने लावली. सगळ्यांची कामं तारखेनुसार वरखाली झाली. माझी मात्र सगळीच्या सगळी तळाशी जाऊन बसली, पुढच्या वर्षीच्या मुदतींच्याही खाली. आधी वाटलं, सॉर्ट चुकलं. परत केलं. परत तेच.

मग मी तारखा नीट पाहिल्या. बाकीच्यांनी दिवस, महिना, वर्ष यांच्यामध्ये तिरकी रेघ दिली होती. मी टिंबं दिली होती. शाळेत फळ्याच्या कोपऱ्यात, वहीच्या समासात, आयुष्यभर मी तारीख टिंबं देऊनच लिहीत आले, तशीच बोटं चालली होती. एक्सेलच्या लेखी त्या तारखा नव्हत्याच, नुसती अक्षरं होती. आणि अक्षरं कुठल्याही आकड्यापेक्षा मोठी धरली जातात. म्हणजे माझी मुदत कधीच आजच्या आधीची ठरत नव्हती. ती लाल होणार नव्हती, पिवळीही होणार नव्हती. काम झाल्यावर हिरवी तेवढी होत होती, कारण तो नियम फक्त रकाना भरलाय का एवढंच बघायचा. एरवी अक्षरं डावीकडे आणि तारखा उजवीकडे सरकतात, त्यावरून चूक सहज दिसली असती. पण मी सगळं मध्यभागी आणून ठेवलं होतं.

टिंबांच्या जागी तिरक्या रेघा घातल्या. एका क्षणात माझ्या ओळी लाल झाल्या. गेजची ओळ सर्वांत जुनी होती. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने "काय झालं?" विचारलं, तर मी "काही नाही" म्हणाले आणि स्क्रीन हाताने झाकल्यासारखी पुढे वाकले. खरं सांगायचं तर मला चुकीची एवढी लाज वाटली नाही. शीट करताना चूक होते. लाज वाटली ती मी रंग पाहून माणसाला उत्तर दिलं याची. गेज कुठे आहे, हे कपाट उघडून बघायला दोन मिनिटं लागली असती. ते कपाटातच होते, पाठवायचे राहिलेले.

गेज त्याच दिवशी पाठवले. मग साहेबांकडे गेले आणि जुनी आणि दुरुस्त केलेली, दोन्ही प्रिंट समोर ठेवल्या. "फोरमनचं काम माझ्यामुळे अडलं होतं. उशीर माझा आहे. चार्ज त्यांना परत द्यावा."

साहेबांनी बराच वेळ कागद पाहिले. "त्यांच्या बाकीच्या ओळी?"

"त्या त्याच रिपोर्टवर थांबल्यात. तो एक निघाला की चार हिरव्या होतील."

"ऑर्डर निघाली आहे. आता फिरवली तर माझं हसं होईल, आणि त्या पोराचंही." त्यांनी चष्मा काढला. "पुढच्या लाइनला बघू."

"मग निदान मीटिंगमध्ये सांगा."

"तुम्ही सांगा. शीट तुमची."

मी शनिवारी सांगितलं. लिहून नेलं होतं, तेच वाचलं. टिंबं आणि रेघा समजावताना कोणीतरी खुसकन हसलं. फोरमन शेवटपर्यंत टेबलाकडे बघत होते. नंतर मी नवी प्रिंट बोर्डावर लावली, माझं नाव आणि त्याच्यापुढे लाल, लाल, लाल. मुदतीच्या रकान्यात यापुढे तारखेशिवाय काही घेतलं जाणार नाही, असंही शीटमध्ये लावून टाकलं.

दुपारी फोरमन बोर्डापाशी आले. मी तिथेच होते.

"काडा ते, म्याडम."

"राहू दे. आठवडाभर राहणारच."

"लोकं वाचत्यात."

"तुमचं वाचलंच की इतके दिवस."

"माजं वाचलं म्हनूनच सांगतुया," ते म्हणाले. "त्यात मजा न्हाई." मग बोर्डाकडे पाठ करून, "गेज कवा येनार?"

"मंगळवारी."

"लिवून ठिवा. रेघा देऊन."

ते टूलरूमकडे निघाले. नव्या लाइनवर तो तरुण इंजिनीअर मशीनभोवती फिरत होता, आणि ते जाताना त्याला हात वर करून काहीतरी समजावत होते.