तीन गुण वाढले आणि नंबर गेला

नववीत असताना मी वर्गशिक्षकांना एक पत्र लिहिलं होतं. फुलस्केप कागद, दोन्ही बाजू भरलेल्या, खाली सही ठोकून. आता मी जळगावला बी.एड. करते आणि विनंतीपत्राचा नमुना मुलांना कसा शिकवायचा ते शिकते. पण तसलं पत्र माझ्या हातून पुन्हा झालं नाही. इतका राग नंतर कधी आलाच नाही.

धरणगावच्या आमच्या शाळेत एक पद्धत होती. पहिल्या सत्रात नववीत जो पहिला येईल त्याच्या आईने किंवा वडिलांनी सव्वीस जानेवारीला झेंड्याची दोरी ओढायची. पुढारी नाही, चेअरमन नाही. माझे अब्बा गाद्या आणि रजया भरायचे. शाळेत ते एकदाच आले होते, माझा दाखला द्यायला, आणि तेव्हाही कापसाचे तंतू अंगावर आहेत म्हणून ऑफिसच्या दारातच उभे राहिले. त्या दारातल्या माणसाच्या हातात दोरी यावी, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आणि मी पहिली आले! सहाशेपैकी पाचशे छत्तीस. यादी फळ्याशेजारी लागली. दुसरी पाचशे चौतीसवर, खेड्यातून एसटीने येणारी एक मुलगी, जी वर्गात हजेरीपुरतंच तोंड उघडायची. तिसरा मुलगा पाचशे तेहेतीसवर. अब्बांनी त्याच दिवशी पांढरा कुर्ता शिवायला टाकला.

बाकी विषयांचे पेपर यादीआधीच वर्गात दाखवून झाले होते. भूमितीचे तेवढे राहिले, कारण भूमिती वर्गशिक्षकांकडे होती आणि सर निवडणुकीच्या कामावर गेले होते. गुण देऊन गेले, पेपर परत आल्यावर दाखवले. माझ्या पेपरात तीन गुणांचं एक प्रमेय तपासलंच नव्हतं. ना बरोबरची खूण, ना चुकीची. मी तडक उठले. पहिली होतेच, पण हक्काचे गुण का सोडायचे? सरांनी प्रमेय वाचलं, तीन गुण दिले आणि म्हणाले, "एक राहिलं म्हणजे आणखी राहिलं असेल. अख्खा गठ्ठा पुन्हा बघतो."

दोन दिवसांनी नवी यादी लागली. मी पाचशे एकोणचाळीस, दुसरी. ती एसटीवाली पाचशे चाळीस, पहिली.

गुण वाढले माझे आणि नंबरही खाली आला माझाच! तिने तर हातसुद्धा वर केला नव्हता. मधल्या सुट्टीत मुली म्हणाल्या, "तुझ्या अब्बांच्या हातात दोरी द्यायची नसेल." मला ते पटलं. खरं म्हणजे ते ऐकायलाच मी टपलेली होते.

घरी येऊन पत्र लिहिलं आणि अब्बांना वाचून दाखवलं. त्यात पाच प्रश्न होते. जिने अर्ज केला नाही तिचे गुण कशाच्या आधारावर वाढले? कोणत्या प्रश्नांचे वाढले? ते पान मला दाखवाल का? लागलेली यादी बदलताना वर्गाला कारण का सांगितलं नाही? आणि फेरतपासणी फक्त भूमितीचीच का? शेवटचं वाक्य मला तोंडपाठ आहे: "तपासायचेच असेल तर सर्वांचे सर्व विषय तपासावेत, न्याय सर्वांना सारखा मिळावा, ही नम्र विनंती." नम्र कसली! अब्बांना मराठी वाचता येत नव्हतं, पण ऐकताना ते मान डोलावत होते. हातातली सुई त्यांनी खाली ठेवली होती.

तिसऱ्या दिवशी शिपाई आबा वर्गाच्या दारात आले. "पोरी, चाल. तुना कागद सरना टेबलवर शे."

टेबलावर पत्राशेजारी त्या मुलीचा भूमितीचा पेपर होता. सरांनी पुरवणी उलटली. मुख्य उत्तरपत्रिकेला दोऱ्याने बांधलेली, शेवटचे दोन प्रश्न तिच्यावर सोडवलेले. दोन्ही तपासलेले, प्रत्येकी तीन गुण समासात लिहिलेले, पण पहिल्या पानावरच्या चौकटीत उतरवायचे राहून गेले होते. मी चौकटीतले आकडे मोजले, पुरवणीवरचे मोजले. सहा म्हणजे सहाच. म्हणायला जागा नव्हती, याचाच राग आला.

"चार प्रश्नांचं उत्तर झालं," सर म्हणाले. "यादी बदलताना वर्गाला सांगायला हवं होतं, ती माझी चूक. आता पाचवा. तू लिहिलंस म्हणून सगळ्या विषयांच्या बेरजा पुन्हा केल्या."

आणि त्यांनी माझा हिंदीचा पेपर पुढे ठेवला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे पेपर दाखवायच्या दिवशी सगळा वर्ग बेरीज करायचा. पेन लावायची बंदी, म्हणून बोटांवर नाहीतर पेन्सिलीने. बेरीज कमी भरली की हात वर, जास्त भरली की पेपर घडी घालून पुढच्या बाकावर परत. हे कोणी शिकवलं नव्हतं, पण सगळ्यांना येत होतं. माझ्या हिंदीच्या पेपरात निबंधाचे सात गुण दोनदा धरले गेले होते, एकदा पान संपताना आणि एकदा पुढच्या पानावर. वर लिहिलं होतं ऐंशीपैकी पंचाहत्तर. होते अडुसष्ट. मी ते तेव्हाच पाहिलं होतं, तीनदा मोजलं होतं आणि पेपराची घडी घातली होती.

समासाच्या कोपऱ्यात बारीक पेन्सिलीने अडुसष्ट लिहिलेलं होतं. माझ्या अक्षरात. पुसायचं राहिलं होतं.

सरांनी ते बघितलं. मी बघितलं. मग त्यांनी लाल पेनाने पंचाहत्तर खोडून अडुसष्ट केले आणि सही केली. एकूण पाचशे बत्तीस. तिसरा मुलगा पाचशे तेहेतीसवरच होता, म्हणजे आता दुसरा. मी तिसरी. माझ्याच पत्राने.

संध्याकाळी घरी सगळं सांगितलं. सगळं म्हणजे, हिंदीच्या बाईंची बेरीज चुकली होती, एवढं. अब्बांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "वो सात नंबर तेरेको पहले से मालूम थे क्या?"

मी पाच प्रश्न विचारले होते. त्यांनी एकच विचारला.

"नहीं," मी म्हणाले.

मग अब्बा असे भडकले की मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. सव्वीस जानेवारीला तो पांढरा कुर्ता घालूनच ते शाळेत आले. त्या मुलीच्या वडिलांनी दोरी ओढली, फुलं पडली, राष्ट्रगीत झालं. गर्दी पांगल्यावर अब्बा सरळ सरांपुढे जाऊन उभे राहिले. ऑफिसच्या दारात थबकणारा हाच माणूस.

"सर, चूक तुमची आणि शिक्षा माझ्या पोरीला? तिला बिचारीला काय माहीत? ती खोटं बोलत नाही. तुम्ही तिला आशा लावली आणि हिसकावून घेतली."

आजूबाजूला पालक होते, मुलं होती. सरांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता सांगतील. पेन्सिलीचं सांगतील. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि हात जोडले.

"बरोबर आहे भाऊ," ते म्हणाले. "चूक आमचीच आहे. पोरीची काही नाही."

अब्बांचं समाधान झालं. परतताना वाटभर ते ताठ चालत होते आणि त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. त्या सरांचा मला आजही राग येतो. सगळ्यांसमोर सांगून टाकलं असतं तर एका दिवसात संपलं असतं. आता सांगायचं माझ्यावर आहे, आणि अब्बा अजून येणाऱ्याजाणाऱ्याला ती गोष्ट सांगतात.