अँटेनाशेजारची जागा

एक चूक मी अनेक वर्षे लपवली. जालन्याच्या ज्या कॉलेजात मी शिकवायचो, तिथे प्रयोगशाळेतल्या बाईंनी उपग्रहाची चित्रे घेण्यासाठी संकेत वाढवणारा ॲम्प्लिफायर स्वतः सोल्डर करून बनवला होता. छतावरच्या अँटेनापर्यंत चढण्याच्या कंटाळ्याने मी तो खाली, लांब केबलच्या शेवटी बसवला. केबलमध्ये संकेत क्षीण झाला, ॲम्प्लिफायरचा स्वतःचा विद्युत गोंगाट त्यावर भारी पडला, चित्रे खरखरीत आली. मी सर्वांदेखत त्यांच्या सोल्डरिंगला दोष दिला. पुढे गुपचूप तोच ॲम्प्लिफायर अँटेनाशी लावला. पहिल्याच टप्प्यात, केबलमध्ये शिरण्याआधीच, संकेत पुरेसा वाढल्याने पुढचा गोंगाट नगण्य ठरला. चित्र स्वच्छ आले. पण माझ्या आरोपानंतर बाईंनी सोल्डरिंग सोडले होते.

बाईंच्या निवृत्तीच्या समारंभात माझ्याकडे बोट दाखवत त्या एका विद्यार्थ्याला हसून म्हणाल्या, “मला सोल्डर न्हाई जमत, सरांना विचारा.”

मी सर्वांसमोर उभा राहिलो. “बाई, तुमचं काम बराबर होतं. ॲम्प्लिफायरची जागा मी चुकवली. मला माफ करा.”