शेवटची ओळ

नव्याण्णव साली पेणला एका कॉम्प्युटरवाल्या सरांकडे मी कामाला होते, शिक्षण नववी नापास, मांडीवर आठ महिन्यांची पोर, आणि भीती अशी की सरांनी हाक मारली तरी दचकायचे. सरांचा प्रोग्राम डॉक्टरांच्या दवाखान्यांत चालायचा. दोन हजार साल येणार म्हणून त्यात तारखेतल्या सालाचे दोनाऐवजी चार आकडे करायचे होते, त्याची नवी फ्लॉपी आणि सोबत एक कागद: नवीन काय, कसं टाकायचं, अडलं तर काय. सरांनी तो इंग्रजीत लिहिला, मला अर्थ सांगितला, मी मराठीत टाईप करायचा, कारण वापरणाऱ्या नर्सबाया.

पहिलीच ओळ होती, बॅकअप घ्या, म्हणजे सगळ्या माहितीची दुसऱ्या फ्लॉपीवर नक्कल. मला वाटलं, बॅकअप तर सगळ्या बाया संध्याकाळी काम झाल्यावर घेतात, मग ही ओळ वर कशाला? विचारायचं धाडस नव्हतं. मी ती शेवटी टाकली. सरांनी कागद न बघताच झेरॉक्स काढल्या.

चार दिवसांनी रोह्याहून मुलांच्या डॉक्टरांच्या नर्सबाईंचा फोन आला. फ्लॉपी टाकताना मध्येच लाईट गेली होती, आणि आता लसीची यादी कोरी, कुठल्या बाळाला कधी बोलवायचं काहीच नाय. सर फोनवर ओरडले, "कागद वाचता येत नाय का तुम्हाला? आधी बॅकअप घ्यायचा!" मी शेजारीच बसलेली. मान खाली घालून टाईप करत राहिले.

यादीचं काय झालं ते बघायला सरांनी मला रोह्याला धाडलं, मी पोरीला घेऊनच गेले. बाईंनी माझाच कागद पुढे धरला, प्रत्येक ओळीसमोर पेनाने बरोबरची खूण. "बघ गो, एक अक्षर सोडलं नाय. लाईट आल्यावर शेवटी बॅकअपपण घेतला."

त्यांच्याकडे बॅकअपची एकच फ्लॉपी. आदल्या संध्याकाळची चांगली यादी त्यावर होती, तिच्यावर कोरी यादी चढली.

मी सांगून टाकलं, रडत, एका दमात. बाईंनी कागद बाजूला ठेवला.

"म्हणजे सर मला बोलले तेव्हा तू तिथं होतीस?"

"व्हय."

"आणि गप्प बसलीस."

त्यांनी फोन माझ्यापुढे सरकवला. मी सरांना सांगितलं, ओळ मी हलवली, बाईंची चूक नाय. सर म्हणाले, "बाकीच्या दवाखान्यांना आत्ता तिथूनच फोन कर, फ्लॉपी टाकू नका म्हणून सांग. यादी परत भरून पुरी झाल्याशिवाय ऑफिसला येऊ नको."

फोन झाल्यावर बाईंनी कपाटातले केसपेपर काढून माझ्यापुढे ठेवले, केवढा तो ढीग. पोर रडायला लागली तशी उचलून आपल्या खांद्यावर घेतली.

"हिचे ट्रिपलच्या लसीचे डोस झाले का गो?"

"तिसरा राहिलाय."

"मग हिचं नाव पहिलं टाक."

मी नाव टाकलं. पण मान वर करून त्यांच्याकडे बघता आलं नाय, त्या दिवशी नाय, आणि पुढचे तीन दिवस रोज जात होते तेव्हाही नाय.