खिडकीवाल्याचा रूममेट

माझ्या भाचीला मी दातवाली म्हणते. तिला राग येतो, म्हणून जरा जास्तच म्हणते. ती दात बनवते. दाताचा डॉक्टर आपल्या तोंडात कॅप बसवतो ना, ती त्याने बनवलेली नसते. ती कुठल्यातरी प्रयोगशाळेत, तोंडाला मास्क आणि डोळ्यांवर भिंगाचा चष्मा लावून बसलेल्या अशाच एखाद्या पोरीने ब्रशने थर देत देत, भट्टीत भाजून बनवलेली असते. पहिल्यांदा तिने एक वाया गेलेला दात घरी आणला, तेव्हा मी हसत हसतच हातात घेतला होता. म्हटलं, बघू गं तुझी बत्तिशी. मग खिडकीशी उजेडात धरला आणि माझं हसू विरलं. नखाएवढी वस्तू. मुळाशी पिवळसर, मध्ये दुधाळ, आणि कडेला अगदी पुसट निळी झाक, खऱ्या दाताला असते तशी. आरशात जाऊन स्वतःचे दात पाहिले. इतकी वर्षं तोंडात आहेत, कधी नीट बघितलेच नव्हते.

ती माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी. नोकरी माझ्या घराजवळ लागली, म्हणून माझ्याकडे राहते. तिच्या आईने जाताना बजावलं होतं, "हिच्याकडे लक्ष ठेव." मी अगदी मनापासून ठेवते. इतकं, की पोरगी फोन घेऊन गॅलरीत जाऊन बसते.

तर हल्ली ती गॅलरीत बसून हसायला लागली होती. मी विचारलं, "कोण गं?"

"ॲपवरचा आहे एक."

म्हणजे ते ओळखी जुळवायचं ॲप. दोघांनी एकमेकांना पसंत केलं, की मग बोलायची सोय होते. हिने तिथे नावाचं फक्त पहिलं अक्षर टाकलेलं, फोटो उन्हाळी टोपी आणि काळ्या चष्म्यातला. फोनमध्ये ज्यांचे नंबर आहेत त्यांना आपण दिसू नये, अशी सोयही करून ठेवलेली. "म्हणजे ओळखीचं कुणी भेटायलाच नको," ती म्हणाली. त्याचंही अक्षरच होतं, आणि फोटोत ओठ मिटून हसणारा. अंतर मात्र कायम 'अगदी जवळ' दाखवायचं. "शेजारी राहत असेल," मी म्हटलं, आणि आठवडाभर जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला निरखून पाहिलं. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला तर विनाकारण दोनदा हाक मारली.

पोरगा मजेशीर होता. काय लिहायचा ते ही कधी कधी वाचून दाखवायची, निवडक. एका रविवारी त्याने आपल्या खोलीचा फोटो पाठवला. खिडकी, पडदा, आणि पडदा उडू नये म्हणून त्यावर ठेवलेला प्लास्टरचा जबडा. खाली लिहिलं होतं, 'हा माझा रूममेट. बोलत नाही, पण कायम हसतमुख.'

मी खो खो हसले. ही हसली नाही. तिने फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि माझ्या हातात फोन दिला. "मावशी, खालच्या कडेला बघ."

जबड्याच्या बैठकीवर एक इवलासा मासा कोरलेला होता.

"मग?"

"तो मासा माझा आहे."

त्यांच्याकडे प्रत्येक जण आपल्या साच्यावर खूण करतो, कुणाचं काम ते कळावं म्हणून. हिची खूण मासा. काम डॉक्टरकडे गेलं की साचे काही दिवस कपाटात राहतात, मग टाकून देतात. टाकलेल्यातला हा एक कुणीतरी घरी नेला होता. आणि तो साचा हिला चांगलाच आठवत होता. त्यावरची कॅप पुन्हा पुन्हा परत आली होती. बाजूच्या दाताला घासते, चावल्यावर रंगीत कागदाचा ठसा एकाच ठिकाणी उमटतो, शेड थोडी गडद आहे. परत पाठवणारा होता खिडकीवाला. साच्यांच्या कपाटाची किल्लीही त्याच्याकडेच, म्हणजे घरी नेणाराही तोच.

खिडकीवाला म्हणजे त्यांचा तपासनीस. काचेच्या केबिनमध्ये बसतो. काचेला खाली एक फट आहे, त्यातून ट्रे आत सरकवायचा. पास झाला तर डाव्या कप्प्यात येतो, नाही तर उजव्या कप्प्यात, चिठ्ठीसकट. तोही मास्क लावून, भिंगं चढवून. ही रोज त्याच्या पुढ्यात ट्रे ठेवायची आणि मनात शिव्या द्यायची. जेवायची सुट्टीसुद्धा दोघांची वेगळी. दिवसभर दात बनवणाऱ्या या माणसांनी एकमेकांचे दात पाहिलेलेच नव्हते.

मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. म्हटलं, "अगं मग सोड की पुडी. विचार त्याला, ती मासेवाली काम कशी करते."

"आणि तो खरं सांगेल," ती म्हणाली. "मलाच सांगतोय हे त्याला माहीत नसताना. ते कसं ऐकू मी?"

"बरं, मग गुपचूप काढून टाक त्याला."

"तो विचार करत बसेल आपलं काय चुकलं. आणि उद्या मी त्याच्याच समोर ट्रे घेऊन उभी."

मग तिने खरी अडचण सांगितली. आतापर्यंत ती दाढा करत होती. समोरचे दात करणाऱ्यांचं टेबल वेगळं, तिथे बसायला मिळावं म्हणून तिने वर्षभर जीव काढला होता. त्याची चाचणी तोंडावर आली होती, आणि चाचणीचा दात तपासणार खिडकीवाला. त्याने पास केलं आणि नंतर हे बाहेर फुटलं, तर लोक बोलतील. नापास केलं, तर त्याने ओळखलं म्हणून केलं का, असा हिलाच संशय येईल. आणि काहीच न सांगता गेली, तर तिचं स्वतःचं मन तिला खात राहील.

"मग करणार काय?"

"सांगणार. आत्ताच. जितका उशीर, तितकं ते चोरून वाचल्यासारखं."

ती लिहायला बसली आणि मी खांद्यावरून डोकावत राहिले. तिने लिहिलं, 'तुझ्या फोटोतल्या साच्यावरून मला कळलं की आपण एकाच ठिकाणी काम करतो. तू कोण आहेस ते मला माहीत आहे. मी कोण हे तुला कळायला हवं असेल तर सांगते. नको असेल तर मला इथून काढून टाक, मी कामावर कधीच ओळख दाखवणार नाही. तुझं बोलणं, फोटो मी कुणालाही दाखवलेले नाहीत.'

मी घसा खाकरला.

तिने शेवटचं वाक्य पुसलं. लिहिलं, 'फोटो फक्त माझ्या मावशीने पाहिलाय, तुझं थोडं लिहिलेलंही तिने ऐकलंय. ती आपल्या कामावरची नाही, पण भोचक आहे.' मग, 'घाई नाही,' असं जोडलं आणि पाठवून दिलं.

तिने त्याला निघून जायला दार उघडं ठेवलं होतं, आणि तेही आपला चेहरा न दाखवता, म्हणजे 'नको' म्हणायला त्याला संकोच वाटू नये. स्वतः मात्र सगळं जाणून, तोंड मिटून रोज त्याच्यासमोर उभं राहायची तयारी ठेवून. एवढंसं पोर, भाजी निवडताना कंटाळा करतं, आणि हे कुठून आलं तिच्यात?

दुसऱ्या दिवशी कामावर त्याची अवस्था बघवत नव्हती म्हणे. ट्रे आत सरकवणाऱ्या प्रत्येकीच्या डोळ्यांत बघायचा. साफसफाईच्या मावशींनी शेवटी विचारलं, "बरं नाही का तुम्हाला?" हिने नेहमीसारखा ट्रे ठेवला. तो उजव्या कप्प्यातून परत आला.

संध्याकाळी त्याचा निरोप आला. 'सांग.'

हिने एकच शब्द लिहिला. 'मासा.'

मी तिच्यासाठी चहा केला, तो तसाच निवला, मीच प्यायले. मग आलं, 'आज तुझी कॅप परत पाठवली मी.'

'बाजूला घासत होती. बरोबर होतं,' हिने लिहिलं.

'तुझी चाचणी मी तपासू नये. मोठ्या बाईंना सांगावं लागेल. काय सांगायचं ते तू ठरव.'

मोठ्या बाई म्हणजे त्यांच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. दोघांनी मिळून ठरवलं ते असं. बाईंना एवढंच सांगायचं की आमची बाहेर ओळख आहे. ॲपचं नाव काढायचं नाही, तो दोघांचा खाजगी मामला. चाचणी होईपर्यंत भेटायचं नाही. कामाच्या जागी कामाचंच बोलायचं. आणि पुढे कुणा एकाला नको वाटलं, तर एकदा सांगणं पुरे, दुसऱ्याने कारण मागायचं नाही. मी म्हटलं, "लग्नाच्या याद्यासुद्धा इतक्या नीट होत नाहीत गं." तिने उशी फेकून मारली.

दोघं बाईंकडे गेले. बाईंनी भुवया उंचावल्या, काही विचारलं नाही, आणि हिचे सगळे ट्रे करवतीकडे दिले. करवत म्हणजे दुसरी तपासनीस. नावातच सगळं आलं.

करवतीने चाचणीचा दात नापास केला. शेड बरोबर, माप बरोबर, पण पृष्ठभाग इतका गुळगुळीत की शेजारच्या दातांमध्ये तो मेल्यासारखा दिसतो, असं चिठ्ठीवर लिहिलेलं. टेबल दुसऱ्याच कुणाला मिळालं.

ती घरी आली, चपला न काढता खुर्चीत बसली. मला वाटलं, आता रडेल. इतक्यात फोन वाजला. त्याने लिहिलं होतं, 'मी लांबून पाहिला. मी पास केला असता.'

मी म्हटलं, "बघ. नसतं सांगितलंस तर टेबल तुझं होतं."

तिने त्याला लिहिलं, आणि मलाही वाचून दाखवलं. 'मग मला कधीच कळलं नसतं, दात पास झाला की मी.'

मी उठले आणि पोळ्या करायला घेतल्या. पहिली करपली.

मग ते भेटले. मी शेजारच्या टेबलावर बसायची तयारी दाखवली होती, तिने मला घरात कोंडायची धमकी दिली. परत आली तेव्हा मी दारातच, "काय बोललात?"

"दात."

"तीन तास?"

"त्याचा समोरचा एक दात वाकडा आहे. म्हणून फोटोत ओठ मिटतो." ती स्वतःशीच हसली. "फार छान कड आहे गं त्याला. निळी."

पुढच्या चाचणीसाठी ती रोज माझ्याकडून तोंड उघडून घेते आणि टॉर्च मारून माझ्या दातांवरच्या बारीक रेषा बघते. ट्रे अजून करवतीकडेच जातात, तिने बदलून मागितलेले नाहीत. नापास झालेला दात माझ्या खिडकीत ठेवलाय. सकाळी ऊन आलं की मी तो उचलून बघते. मला अजूनही त्यात काही खोट दिसत नाही. तिला दिसते. तो समोर धरून ती शांतपणे म्हणते, "बघ ना, इथे. मेलेला आहे." आणि मी माझ्या भाचीकडेच बघत राहते.