चौकटीतली सूत्रं

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर दुकानाचा फोन नंबर आणि पत्ता छापायची हौस माझीच. त्यातून कामं येतील असं वाटायचं. आल्या त्या बहुतेक तक्रारी. अमक्या पानाची शाई पुसट आहे, तमक्या नावात वेलांटी चुकली आहे. नगरमध्ये डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर टाईप करून छपाईची पानं मांडायचं काम करता करता मला बावीस वर्षं झाली, आणि तक्रार ऐकायच्या आधीच उत्तर द्यायची सवय माझ्या जिभेला लागली आहे.

त्या मंगळवारी एक माणूस आपल्या मुलीला घेऊन आला तेव्हाही मी जीभ परजूनच बसले होते. तो तिसगावचा शिंपी. मुलगी दहावीतली, जन्मापासून दृष्टी नसलेली, गावातल्याच साध्या शाळेत इतर मुलांबरोबर शिकणारी. त्याच्या हातात मी केलेली विज्ञानाची मार्गदर्शिका होती. पाथर्डीकडच्या काही शिक्षकांनी मिळून लिहिलेली, ऐंशी पानांची. सहामाहीत पोरीला विज्ञानात चाळीसपैकी अकरा गुण पडले होते. तिच्या विज्ञानाच्या सरांनी सांगितलं होतं की हिला विज्ञान झेपत नाही, न दिसणाऱ्या मुलांना सवलत असते ती घेऊन बोर्डाच्या फॉर्मवर सोपा पर्यायी विषय टाकू. फॉर्म शनिवारी जाणार होता. आणि पोरीला अकरावीला विज्ञानच घ्यायचं होतं. पर्यायी विषय टाकला की तो रस्ता बंद.

हे सगळं बापाने शांतपणे सांगितलं. मग म्हणाला, "ताई, पोरगी म्हनती पुस्तक पाठ हाय. सर म्हनत्यात अभ्यास न्हाई. चूक तिची आसंल तर तसं सांगा, मी घरी घिऊन जातो."

मला वाटलं, आता हे पुस्तकातली चूक काढणार आणि खापर माझ्या डोक्यावर फोडणार. मी जरा तोऱ्यातच पुस्तक उघडलं आणि पोरीला विचारलं, भिंगांचा धडा येतो का. ती खुर्चीत ताठ बसली आणि म्हणायला लागली. अगदी पुस्तकातल्या शब्दांत, स्वल्पविरामाला थांबत. मी बोट ठेवून ओळी बघत होते. एक शब्द इकडचा तिकडे नाही. आमच्या घरात तीन पिढ्या मास्तरकी झाली, पण असं पाठांतर मी ऐकलं नव्हतं.

"भिंगाचे सूत्र पुढीलप्रमाणे आहे," ती म्हणाली, आणि श्वासही न घेता पुढे गेली, "येथे व्ही म्हणजे प्रतिमेचे अंतर, यू म्हणजे वस्तूचे अंतर आणि एफ म्हणजे नाभीय अंतर."

माझं बोट चौकटीवरच थांबलेलं. मी विचारलं, मधलं सूत्र कुठे गेलं?

"मधलं कुठलं?"

मी तिला गुरुत्वाकर्षण म्हणायला सांगितलं. तिथेही तेच. बल पुढील सूत्राने काढतात, येथे जी म्हणजे स्थिरांक. मधली चौकट गायब. व्ही कोण, यू कोण, जी कोण, सगळ्यांची तिला ओळख होती. ते एकमेकांशी काय करतात हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. वर्गात सर फळ्यावर लिहितात तेव्हा काय म्हणतात, असं मी विचारलं. म्हणाली, "सर म्हनत्यात, हे याच्याखाली घ्या, हे इकडं न्या. मग पोरं लिव्हत्यात."

पेपरात सूत्र लिहा असं आलं तेव्हा तिने लेखनिक मुलीला व्ही, यू आणि एफचे अर्थ लिहायला सांगितले होते. शून्य गुण.

मी तिचा फोन मागितला. पुस्तक त्यात साध्या मजकुराची फाईल होऊन बसलं होतं. नुसती अक्षरं, ओळीखाली ओळ. फोन ती फाईल वाचून दाखवायचा आणि पोरगी ऐकायची, तीनदा ऐकलं म्हणाली. मी माझ्या कॉम्प्युटरवर मूळ पीडीएफ उघडून तशीच साध्या मजकुरात उतरवली. मजकूर सगळा आला, एखाददुसरी मात्रा घसरलेली, पण वाचता येण्यासारखा. चौकटी मात्र एकही नाही. आकृत्या नाहीत, तक्ते नाहीत. साध्या मजकुराच्या फाईलीत चित्राला जागाच नसते, तिथे फक्त अक्षरं राहतात. बरं, गेलेल्या चित्राच्या जागी रिकामी खूणसुद्धा उरलेली नव्हती. 'पुढीलप्रमाणे आहे' ही ओळ संपते आणि लगेच 'येथे' सुरू होते. ऐकणाऱ्याला कळणार तरी कसं की इथून काहीतरी उचलून नेलंय?

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथल्या तिथे सरांना फोन लावला, बापलेकीच्या देखत, स्पीकरवर. फाईल तुम्ही केली का? हो म्हणाले. पीडीएफ फोनला नीट वाचता येईना, म्हणून त्यांनी कॉम्प्युटरवर ती साध्या मजकुरात बदलली होती, पोरीसाठी मुद्दाम. ऐकून पाहिली का? पहिली दोन पानं ऐकली, छान वाचत होता फोन. पहिली दोन पानं म्हणजे मनोगत आणि अनुक्रमणिका.

"आणि मॅडम, तीस एमबीची फाईल एकदम तीनशे केबीची झाली," सर म्हणाले. "मला वाटलं, बरं झालं, तिच्या फोनवर लगेच जाईल."

मी त्यांना काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. पुस्तकाच्या शंभर भागांतला एक भाग हातात उरतो आणि माणसाला आनंद होतो, उरलेले नव्व्याण्णव कुठे गेले असं विचारावंसं वाटत नाही, हे कसले विज्ञानाचे शिक्षक, असंही बोलले. पोरीला आळशी ठरवायला जीभ कशी धजली, असंही. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाले, "आकृत्यांचं समजलं मॅडम. पण सूत्रं का गेली? ती तर अक्षरं आहेत. तुम्ही टाईप केली असतील ना?"

मी फोन ठेवला. राग अजून होता, पण तो आता कुणावर काढायचा ते बदललं होतं.

सूत्रं मी टाईप केली नव्हती. आमच्या धंद्यात सगळ्यात मोठं भय म्हणजे फाँट फुटणं. जुन्या फाँटमध्ये केलेलं काम दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं की मराठीचा पार चिवडा होतो. म्हणून मी शिकले तेव्हापासून आमच्याकडे एकच युक्ती चालते. भानगडीचा मजकूर असला की त्याचं चित्र करायचं आणि डकवून टाकायचं. चित्र फुटत नाही. या मार्गदर्शिकेतला मुख्य मजकूर मी नव्या फाँटमध्ये नीट टाईप केला होता. पण सूत्रांच्या आणि 'लक्षात ठेवा'च्या चौकटी माझ्याकडे जुन्या फाँटमध्ये आयत्या पडल्या होत्या, दुसऱ्या एका पुस्तकाच्या. पुन्हा कोण टाईप करत बसणार? सगळ्यांचे फोटो करून डकवले. छापल्यावर डोळ्याला फरक कळत नाही. म्हणजे पुस्तकात जे जे महत्त्वाचं म्हणून मी चौकटीत घातलं होतं, नेमकं तेवढंच उडालं होतं. सरांनी फाईल न तपासता दिली ही त्यांची चूक. पण सूत्रांची अक्षरं मी मारली होती, तीही कंटाळ्यापायी. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

मी बापाला तसं सांगितलं. चूक पोरीची नाही, सरांची आहे आणि माझी त्याहून जास्त. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने नुसती मान हलवली आणि विचारलं, "मंग शनवारपत्तुर हुईल का?"

बाकीची कामं बाजूला सारली. एका लग्नपत्रिकेवाल्याने आरडाओरडा केला, त्याला दुसरं दुकान दाखवलं. एकसष्ट चौकटी निघाल्या. सूत्रं पुन्हा टाईप केली आणि प्रत्येकाखाली ते शब्दांत लिहिलं, एक भागिले व्ही, वजा एक भागिले यू, बरोबर एक भागिले एफ, असं, कारण एकावर एक लिहिलेला अपूर्णांक फोन कसाही वाचतो. आकृत्यांचं शब्दांत वर्णन करताना मात्र माझी दमछाक झाली. एक धडा झाला की मी तिला पाठवायचे, ती फोन करायची. पहिल्याच आकृतीला म्हणाली, "काकू, किरण सुंदर दिसतो हे नका सांगू. कुठून निघतो, कशाला लागतो आन् कुठं वळतो तेवढं सांगा." आयुष्यभर आकृत्या डकवल्या, त्या नीट बघितल्या त्या आठवड्यात.

शुक्रवारी सकाळी मी एसटीने तिसगावला गेले. सरांशी भांडायचं ठरवूनच गेले होते. ते पस्तिशीचे, शर्टाच्या बाहीला खडू लागलेले. त्यांनी भांडायची संधी दिली नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीत, ते, तिचा बाप आणि मी बसलेलो असताना, त्यांनी तिला भिंगांचं उदाहरण तोंडी घातलं. तिने सूत्र म्हटलं, किमती घातल्या, चिन्ह एकदा चुकलं ते स्वतःच पकडलं आणि उत्तर सांगितलं. गुरुत्वाकर्षणाचंही तसंच. सरांनी फॉर्म ओढून घेतला आणि पर्यायी विषय खोडून विज्ञान लिहिलं. मला म्हणाले, चूक झाली. मी म्हटलं, माझीही. बाप बाकावरून उठला, त्याला घरी जाऊन कापड कापायचं होतं.

पोरगी उठली नाही. तिने विचारलं, "सर, माजी बाकीची पुस्तकं पन तुमीच फोनवर घातली ना?"

सर म्हणाले, हो. आठवीपासूनची. सगळी तशीच केली.

"म्हंजी भूगोल पन. इतिहास पन. गनित पन."

मुख्याध्यापक काहीतरी बोलू लागले की आजचा प्रश्न विज्ञानाचा होता आणि तो मिटला. तिने त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. मंगळवारपासून ती एकदाही चिडली नव्हती. तिचा चेहरा रागाने लाल झालेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. तीन वर्षं ती जे पाठ करत आली होती त्यात कुठे कुठे खड्डे होते हे खोलीतल्या कुणालाच माहीत नव्हतं. तिने फोन काढून भूगोल लावला, पहिल्या धड्यापासून. फोन वाचत होता. नकाशाचे निरीक्षण करून प्रश्नांची उत्तरे द्या, असं आलं आणि त्याच्या पुढे लगेच पहिला प्रश्न. तिने फोन थांबवला.

"इथं काय हुतं, सर?"

सरांनी कपाटातून छापील भूगोल काढला, पान शोधलं आणि तिच्या शेजारी बाकावर बसले. तिचा बापही परत खाली बसला.