निवल्याशिवाय मीटर नाही

माझा धाकटा दीर जळक्या मोटरींना नवी तार भरतो. चाळीस वर्षं तेच करतोय. बोलायला कंजूष, चहाला उदार. कोऱ्या तारेचं वेटोळं हातात आलं की गालातल्या गालात हसतो. त्याच्या लग्नातही मी त्याला इतका खूश पाहिलेला नाही.

त्याची एक सवय मात्र सगळ्यांच्या डोक्यात जायची. भरलेली मोटर वॉर्निश लावून भट्टीत भाजली जाते. बाहेर काढली की हा तिला रात्रभर तशीच ठेवायचा. सकाळी तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा तिच्यावर हाताचा मागचा भाग ठेवायचा आणि मगच तारेचा रोध मोजणारा मीटर लावायचा. का, असं विचारलं तर म्हणे, "निवू दे की. कुठे पळून चाललीय?"

आता दुकान त्याची मुलगी बघते. हुशार, चपळ, आणि घाईत माझ्यावर गेलेली. गेल्या वर्षी तिने नवी भट्टी आणि नवा मीटर घेतला. त्याच सुमारास याच्या, म्हणजे आमच्या भावजींच्या, डोळ्यांत मोतीबिंदू झाला.

परवा दुपारी मी दुकानात गेले, तर ती हातात कटर घेऊन उभी. समोर इस्पितळाच्या कपडे धुण्याच्या यंत्राची मोटर, सकाळीच भट्टीतून काढलेली. भावजी स्टुलावर मान खाली घालून बसलेले.

"काकू, बरं झालं आलात. तुम्हीच सांगा यांना. कारखान्याच्या कागदावर प्रत्येक फेजचा रोध दोन ओहम लिहिलाय. आत्ता तिन्ही फेजमध्ये दोन पूर्णांक पस्तीस येतोय. बाबांनी चुकीची तार उचलली. सगळं कापून पुन्हा भरायचं. आणि उद्यापासून बाबांनी कामाच्या बाकावर बसायचं नाही."

"भावजी, तुम्ही काय म्हणता?"

"असेल वहिनी. दिसत नाही हल्ली नीट."

माझं डोकंच फिरलं. बाकावरून उठवलं तर हा माणूस घरी बसून करणार काय? टीव्हीला तार भरणार?

"कटर खाली ठेव," मी म्हटलं. "कुठली तार भरली?"

"शून्य पूर्णांक नऊ मिलिमीटर. प्रत्येक फेजला चौऱ्याहत्तर मीटर. त्यांच्या मते."

"आणि फळीवर तिच्या खालोखाल बारीक कुठली?"

"शून्य पूर्णांक आठची."

मी तिथल्याच पुठ्ठ्यावर आकडे मांडले. पस्तीस वर्षं पोरांना शिकवलंय, हात अजून विसरलेला नाही. तार जितकी लांब, तितका रोध जास्त. छेद जितका मोठा, तितका कमी. आणि तांब्याची रोधकता ठरलेली. नऊच्या तारेचा बरोबर दोन ओहम आला. आठची असती तर अडीचच्याही वर गेला असता.

"मग फेरे जास्त घेतले असतील," पुतणी म्हणाली.

"दोन पूर्णांक पस्तीस यायला प्रत्येक फेजला तेरा मीटर तार जास्त लागेल. या खाचांत काडी तरी शिरतेय का बघ. तेरा मीटर काय खिशात कोंबली त्यांनी?"

भावजी खुदकन हसले. तेवढ्यात मला कागदावरची बारीक अक्षरं दिसली: 'वीस अंशाला'.

"हे वाचलंस?"

"काय वीस अंशाला?"

"अगं, तांबं तापलं की त्याची रोधकता वाढते. एका अंशाला शंभरात पाऊण नाही, अर्धाही नाही, शून्य पूर्णांक एकोणचाळीस. किरकोळ वाटतं ना? पंचेचाळीस अंश चढले की साडेसतरा टक्के झाले. दोनाचे दोन पूर्णांक पस्तीस. म्हणजे तुझी मोटर आत्ता पासष्ट अंशांवर आहे. हात लावून बघ!"

तिने लावला आणि चटकन मागे घेतला.

तरी तिचा विश्वास बसेना. मग मी चहा मागवला आणि सगळ्यांना एक तास बसवून ठेवलं. मला बसवत नाही, पण बसले. तासाने मीटर म्हणाला, दोन पूर्णांक चोवीस.

"एका तासात तार जाड झाली का गं?" मी विचारलं.

तिने कटर खणात टाकून खण ढकलला. बापाकडे बघवेना तिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात सत्तावीस अंश होते आणि मीटरवर दोन पूर्णांक शून्य पाच. तिन्ही फेजला. वीसवर आणायचं गणित तिने स्वतः पुठ्ठ्यावर केलं, मला न विचारता. उत्तर दोन आलं.

"बाबा, हे तुम्हाला ठाऊक होतं, तर काल बोलला का नाहीत?"

"मला कुठे ठाऊक होतं? गरम मोटर आकडा फुगवून सांगते एवढंच माहीत. पण काल मला वाटलं, माझेच डोळे फसले."

डोळ्यांचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ठरलंय. तारीख तिनेच घेतली. आज मी गेले तेव्हा भावजी बाकावर होते आणि ती भट्टीतून मोटर काढत होती. मीटर हातात घेऊन तिने विचारलं, "बाबा, लावू?"

त्यांनी हाताचा मागचा भाग मोटरजवळ धरला. "अजून ताप आहे गं."

तिने मीटर खाली ठेवला आणि चहा सांगितला.