कपाळाजवळच्या आठ बटा

माझ्या हातावर माझा भरवसा आहे, हे आधीच सांगून टाकते. लग्नाआधी सांगलीत तीन वर्षं एका पार्लरमध्ये काम केलं. तेवढ्या काळात केस इतके हाताळले, की नुसतं बोट फिरवून सांगायचे, यांना काय काय लावलंय ते. फलटणला सासरी आल्यावर दुकान काही काढलं नाही, पण सामानाचा डबा माळ्यावरही टाकला नाही. घरातल्या बायकांचं, शेजारणींचं जे काय असेल ते मागच्या पडवीत करते. तिथं उजेड चांगला असतो आणि उजेडाशिवाय रंगाचं काम करू नये.

त्या पडवीत एका गुरुवारी माझ्या वन्सं, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, येऊन बसल्या. त्यांना वडूजकडं दिलेलं. नवरा फौजेत होता. पेन्शनवर घरी आला आणि वर्षाच्या आत एका सकाळी शेतावर छातीत कळ येऊन गेला. त्याला आता दोन वर्षं होऊन गेली होती. तेव्हापासून वन्संनी स्वतःला मागं मागं नेलं होतं. कुणी तोंडावर काही बोललं नव्हतं, बोलायची गरजच पडली नाही. माझ्या दिराच्या लग्नात त्या पूर्ण दोन दिवस स्वयंपाकघरात लसूण सोलत बसल्या होत्या. मला त्याचा फार राग आला होता. लोकांचा आला, आणि खरं सांगायचं तर त्यांचाही आला.

आता येत्या रविवारी त्यांच्या एकुलत्या लेकीचा साखरपुडा होता.

वन्सं बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिल्या. बाजरी, एस्टी, लेकीची साडी. शेवटी मीच म्हटलं, "वन्सं, ताकाला येऊन भांडं कशाला लपवताय? लेकीचे केस करायचेत का?"

"लेकीचं न्हाई," त्या म्हणाल्या. "माझं."

आणि पदराआडून मोबाईल काढून फोटो दाखवला. फोटोतल्या बाईच्या चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना कपाळापासून खाली दोन जाड सोनेरी पट्टे. बाकी केस काळेभोर. मला हसू आलं. मी ते दाबायला हवं होतं.

"आवं, हे म्हंजे नाकापेक्षा मोती जड. तुमाला दोन्ही बाजूला दोन-दोन बारीक बटा करते. केस बांधले की दिसणार बी न्हाईत."

"न दिसायला कशाला करायच्या?" वन्सं म्हणाल्या. "मला दिसलं पायजे."

"कुणाला?"

"समद्यास्नी."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या जावेनं परवाच सुनावलं होतं, पोरीला आन् जावयाला ओवाळायला आमी पाच जणी हाय, तू आत जेवणाचं बघ. गोड बोलून सांगितलं होतं, त्यामुळं जास्त लागलं होतं. "माझी पोर हाय," वन्सं म्हणाल्या. "तिला मी ओवाळणार. आन् मी पुढं येणार म्हंजे मला बघणारच की लोकं. मग नीट बघू द्या."

माझं हसू जागच्या जागी विरलं.

तरीही मी माझ्या म्हणण्यावर थोडी अडून राहिले, कारण ते चूक नव्हतं. सांगलीच्या पार्लरमधल्या आमच्या मॅडम म्हणायच्या, उजळलेली बट पुढच्या खेपेला वाढवता येते, पण गेलेला काळा रंग परत आणताना नाकी नऊ येतात. केसांचा जाड थर उचलून सगळा उजळला, की पट्टा दिसतो, आणि मुळं वाढली की दोन महिन्यांत कपाळावर रेघ उमटते. बटेतले केस कंगव्याच्या दांडीनं एक आड एक उचलून घेतले, तर रंग काळ्यात मिसळून जातो आणि वाढतानाही शोभतो. वन्संना कपाळाजवळ पांढरे आले होते, तेही त्यात सामावून गेले असते. शेवटी तह झाला. एका बाजूला चार बटा, मिळून आठ. चेहऱ्याला लागून असलेली पहिली बट दाट उचलायची, मागच्या तीन विरळ. रंग पिवळा नाही, गुळाच्या काकवीसारखा.

"डाय लावता का?" मी विचारलं.

"न्हाई. कवाच न्हाई."

मी मुळाशी बोट फिरवलं. कोरे केस. माझ्या बोटांनी हो म्हटलं. शेवटी लावायच्या रंगाचा थेंब त्यांच्या कोपराच्या आत लावून दोन दिवस तसाच ठेवला. खाज नाही, लाली नाही. शनिवारी सकाळी त्यांना पडवीत बसवलं. जुना टॉवेल खांद्यावर, पोळ्या गुंडाळायची फॉइल वीतभर लांबीची कापून ठेवलेली, वाटीत ब्लीचची पावडर आणि तिला जोर देणारं वीस नंबरचं डेव्हलपर घट्ट दह्यासारखं कालवलेलं. त्याहून जोरदार डेव्हलपर मी घरी वापरत नाही. घाई करणाऱ्यांनी वापरावं आणि मग रडावं.

माझ्या सासूबाई दारात निवडायला मेथी घेऊन बसल्या होत्या. आमचं चाललेलं बघत होत्या. सासऱ्यांना जाऊन पंधरा वर्षं झाली. तेव्हापासून त्या कुठल्याच कार्यात पुढं आलेल्या मी पाहिल्या नाहीत.

भरवसा कितीही असला तरी आधी एक बट तपासायची, ही सवय मात्र मी सोडलेली नाही. कानामागची बारीक बट घेतली, मुळापासून टोकापर्यंत ब्लीच लावलं, फॉइल मिटली. पाच मिनिटांनी सहज हात लावला आणि चटकन मागं घेतला. फॉइलचं खालचं टोक तापलं होतं. नुसतं कोमट नाही, चहाच्या कपासारखं. वरचा भाग थंड होता.

मी वन्संना ओढतच मोरीत नेलं आणि ती बट गार पाण्याखाली धरली.

"वन्सं, खरं सांगा. यांना काय लावलंय?"

"काय न्हाई गं! मेहंदी तेवढी लावायचो."

"कसली मेहंदी?"

"काळी. पुडीतली. ती काय डाय हाय व्हय?"

इथंच घोडं पेंड खातं. आमच्याकडं कुठल्याही बाईला विचारा, डाय म्हणजे वाईट आणि मेहंदी म्हणजे पाला. काळ्या मेहंदीच्या पुडीत पाल्यापेक्षा बाकीचंच जास्त असतं, आणि काही पुड्यांत धातूचे क्षारही असतात, हे कुणाच्या गावीही नसतं. त्यावर ब्लीच पडलं की केस तापतात, कधी धूर येतो, कधी हातात तुटून येतात. सांगलीत हे मी रोज विचारायचे, डाय वेगळं, मेहंदी वेगळी. घरच्या माणसाला विचारताना निम्मा प्रश्न गिळला. फाजील विश्वास, दुसरं काय? त्या आठ बटा तशाच भरल्या असत्या तर साखरपुड्याला वन्संच्या कपाळाजवळ खुंट राहिले असते.

बट पुसून उजेडात धरली. वरचा भाग छान नारिंगी-पिवळा सुटला होता. हनुवटीच्या खाली चार बोटांवर तो अचानक थांबत होता. त्याखाली मळकट, तांबडं, ओढलं तर रबरासारखं लांबणारं.

"मेहंदी कधीपासून बंद केली?"

वन्संनी टॉवेलचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "हे गेल्यापास्नं."

त्यांचे मालक सुट्टीवर आले की ते दोघं मागच्या दारी बसून एकमेकांना मेहंदी लावायचे, हे मला तेव्हा कळलं. जुन्या टूथब्रशनं, गळ्याला पेपर गुंडाळून. पेन्शनवर आल्यावर तर दर महिन्याला. ते गेल्यावर वन्संनी पुडी आणली नाही. केस महिन्याला बोटाच्या पेराच्या निम्म्यानं वाढतात. दोन वर्षांत जेवढे वाढायचे, बरोबर तेवढे कोरे होते. मालकांनी लावलेलं कुठं संपलं, ते आम्हाला दोघींनाही डोळ्यांनी दिसत होतं.

मी वाटी खाली ठेवली. "ऱ्हाऊ द्या वन्सं. केस वर बांधून देते मस्त. कोऱ्या केसांवर करायचं तर पुढचे केस इथनं कापावे लागतील. आन् ते..."

"ते त्यांनी लावल्याले," वन्संनी माझं वाक्य पुरं केलं.

"व्हय."

त्यांनी ती ओली बट दोन बोटांत धरली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मलाही आवरेना. मेथीची काडी मोडल्याचा आवाजसुद्धा बंद झाला होता.

"काप," त्या म्हणाल्या.

मी कापले. फक्त पुढचे, मेहंदीच्या रेषेच्या थोडं वर, चेहऱ्याला धरून तिरके. कापलेल्या बटा त्यांनी ओंजळीत घेतल्या, माझ्याकडून फॉइलचा एक तुकडा मागून घेतला, त्यात नीट गुंडाळल्या आणि पर्समध्ये ठेवल्या.

मग मी एकदा कोऱ्या केसांची बट पुन्हा तपासली. फॉइल थंड राहिली. तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला. भांगापासून कानापर्यंतचे केस वेगळे काढले, कपाळावरची बारीक लव सोडून दिली. बट घेतली, दांडीनं केस उचलले, खाली फॉइल सरकवली, मुळापासून अर्धं बोट सोडून ब्लीच लावलं, दोनदा मिटली. एकेक करत आठ. वन्सं आरशात बघून म्हणाल्या, "चांदीची फुलं घातल्यागत दिसतंय." दर दहा मिनिटांनी एक फॉइल उघडून बघत होते. चाळिसाव्या मिनिटाला धुतलं, टोनर, म्हणजे तो शेवटचा रंग, लावला, पुन्हा धुतलं. केस वाळले तेव्हा पडवीत ऊन आलं होतं. काकवीचा रंग अगदी मनासारखा उतरला होता. एवढं चांगलं काम मी सांगलीतही केलं नव्हतं.

रविवारी वन्सं पुढच्या रांगेत बसल्या. केस बांधलेले, पण पुढच्या बटा मोकळ्या. बायकांच्या नजरा फिरल्या, कुजबुज झाली, ती मी ऐकली आणि त्यांनीही ऐकली असणार. नवऱ्या मुलाच्या आईनं तेवढ्यात माझ्याकडं झुकून विचारलं, "कुठल्या पार्लरमधी केलं ओ त्यांनी?" माझी मान ताठ झाली, खोटं कशाला बोलू?

ओवाळायची वेळ आली. जावेनं ताटाला हात घालायच्या आत ताट वन्संच्या हातात होतं. निरांजनाची ज्योत बटेला लागू नये म्हणून त्यांनी एका हातानं ती कानामागं सारली आणि लेकीला ओवाळलं, जावयाला ओवाळलं. हात जराही हलला नाही. मी इतकी खूश झाले होते की उगाच शेजारणीचा हात दाबत होते.

ताट खाली ठेवलं जाईल म्हणून जाऊ पुढं सरकली. वन्संनी ते ठेवलं नाही. त्या वळल्या आणि मांडवाच्या टोकाला, खांबाआड बसलेल्या माझ्या सासूबाईंकडं बघून मोठ्यानं म्हणाल्या, "आई, ये. नातीला ओवाळ."

सासूबाईंनी इकडं तिकडं बघितलं. मग पदराला हात पुसले आणि उठून पुढं गेल्या.